सब्जेक्ट : वेग तोच, पल्स वाढतेय

पहाटे सव्वापाचला रहिमतपुरात दोनच प्रकारची माणसं जागी असतात. एक उसाचे ट्रॅक्टरवाले आणि दुसरी मी! म्हणजे मागच्या हिवाळ्यात तरी असंच होतं. ऑफिस पुण्यात, पण आजी घरात पाय घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरातलं ‘वर्क फ्रॉम होम’ चालणारं एकमेव माणूस मी असल्यामुळे माझी लॅपटॉपसकट रवानगी गावी झाली. जाताना बॅगेत रनिंग शूज आधी टाकले, चार्जर नंतर. कारण जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन होती. माझी पहिलीच.

गावात पळणाऱ्या बत्तीस वर्षांच्या बाईकडे लोक कसं बघतात हे मी सांगायला नको. ‘काय, ललिता बाबर व्हायचंय का?’ असं दोघा-तिघांनी विचारलंच. आमच्या जिल्ह्यात ही टिंगल नसते हं, कौतुक असतं. माण तालुक्यातल्या मोहीची ही मुलगी २०१६ला रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेस फायनलमध्ये दहावी आली, तेव्हापासून पळणारी पोरगी दिसली की हेच नाव निघतं. मी मात्र किलोमीटरला सात मिनिटं घेणारी, ऑफिस सांभाळून पळणारी हौशी रनर. कोच पुण्यात. ते दर रविवारी आठवड्याचा प्लॅन मेल करायचे आणि मी दर शनिवारी काय झालं ते कळवायचे. बहुतेक वेळा एका ओळीत. ‘सर, ऑल ओके.’

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र मी लांबलचक मेल लिहिला. अजून सेंट फोल्डरमध्ये आहे, म्हणून जसाच्या तसा देते.

‘सर, एक गोष्ट कळत नाहीये. मंगळवारचा आठ किलोमीटरचा इझी रन मी गेले तीन आठवडे अगदी एकाच वेगाने करतेय, सातच्या पेसने. रस्ता तोच, सपाट. वेळ तीच. सुरुवातीच्या मंगळवारी सरासरी पल्स १४६ होती. पुढच्या मंगळवारी १५०. मग १५५. आणि काल १६०! वेग एका सेकंदानेही वाढलेला नाही. सकाळी उठल्या उठल्या पल्स ५७ असायची, ती आता ६६ येते. बरं, इकडे थंडी वाढलीय, म्हणजे पल्स उलट खाली यायला हवी ना? झोप साडेसहा तास आहे. शूज नवे आहेत, पण दोन महिन्यांपूर्वीचे. लाँग रन २४, २६, २८ असे वाढवत नेले, तुम्ही सांगितले तसेच. ऑफिसचं टेन्शन नेहमीइतकंच. ताप नाही, सर्दी नाही. माझं काय चुकतंय? मुंबईला पाच आठवडे राहिलेत.’

वाचलंत? सगळं लिहिलंय. शूजचं वयसुद्धा लिहिलंय. एक गोष्ट सोडून. ती कोणती, ते पुढे.

उत्तर दुपारीच आलं. पहिली ओळ अशी : ‘छातीत दुखतं का? चक्कर येते का? ठोका चुकल्यासारखा, फडफडल्यासारखा वाटतो का? यातलं एक जरी असेल तर हा मेल पुढे वाचू नकोस. आधी डॉक्टर.’ यातलं काहीच नव्हतं. मग खाली फक्त एक काम दिलं होतं : ‘आधी घड्याळ खोटं बोलतंय का ते बघ.’

मला गंमत वाटली. एवढं महागडं स्पोर्ट्‌स वॉच, ते खोटं कशाला बोलेल? पण सरांचा मुद्दा भारी होता. मनगटावरचं घड्याळ ठोके ऐकत नाही. ते कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं आणि खालून रक्ताची लाट गेली की परत येणारा प्रकाश किंचित बदलतो, तो बदल मोजतं. थंडीत कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, लाट पुसट होते. आणि पळताना हात हलतो तो पावलांच्या तालात. अशा वेळी घड्याळ बिचारं गोंधळतं आणि पावलांनाच ठोके समजून मोजत बसतं! माझी पावलं मिनिटाला साधारण १६४ पडतात. पल्स दाखवत होतं १६०. थंडीही वाढत होती. म्हणजे संशयाला जागा होतीच.

उपाय फुकटचा. गुरुवारी त्याच रस्त्यावर तोच वेग धरला, पाचव्या किलोमीटरला थांबले आणि लगेच गळ्यावर दोन बोटं ठेवून दहा सेकंद मोजले. लगेच म्हणजे लगेच, कारण थांबल्याबरोबर पल्स भराभर उतरते आणि मिनिटभर मोजत बसलात तर आकडा चुकीचा येतो. २६ ठोके आले. गुणिले सहा, १५६. एखादा ठोका इकडेतिकडे झाला तर सहाचा फरक पडतो, आणि थांबल्यावर थोडी उतरलेलीही असणार. म्हणजे घड्याळाचं १६० खरंच होतं. शिवाय सकाळची ६६ तर अंथरुणात पडल्या पडल्या मोजलेली. अंथरुणात कुठली आलीत पावलं?

घड्याळ निर्दोष सुटलं. आता आरोपी मी!

सरांचा दुसरा प्रश्न जास्त खोलातला होता. पल्स रनमध्ये कुठे वाढते? त्यांनी आठ किलोमीटरचे वेगवेगळे आकडे मागवले. पाणी कमी पडलं किंवा ऊन असलं तर काय होतं की सुरुवात नॉर्मल होते आणि मग पल्स हळूहळू चढत जाते. घाम जातो, रक्तातलं पाणी घटतं, प्रत्येक ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं आणि हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. म्हणजे पहिला किलोमीटर आणि शेवटचा किलोमीटर यांच्यातली दरी वाढते. माझ्या आकड्यांत दरी तेवढीच होती. दुसऱ्याच किलोमीटरला पल्स तीन आठवड्यांपूर्वीपेक्षा बारा-तेरा ठोक्यांनी वर होती आणि शेवटपर्यंत तेवढीच वर राहिली. पूर्ण रेघच उचलून वर ठेवल्यासारखी. ‘हा पाण्याचा प्रश्न नाही,’ सरांनी लिहिलं. माझी रोजची इलेक्ट्रॉलची पुडी त्या दिवशी बंद झाली.

मग थकवा? लाँग रन वाढले होते, त्यामुळे मलाही तेच वाटत होतं. इथे सरांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. ट्रेनिंगने माणूस खरोखर दमला की पळतानाची पल्स पुष्कळदा वाढत नाही, उलट वर जायलाच तयार नसते. पाय शिशाचे होतात आणि घड्याळ मात्र शांत. माझं बरोब्बर उलटं चाललं होतं. पाय मस्त, पण श्वास अपुरा. माडीवर कपडे वाळत घालायला गेले तरी वरच्या पायरीवर क्षणभर थांबावं लागत होतं. मी ते थंडीच्या खात्यात टाकलं होतं. तरीही त्यांनी पाच दिवस पूर्ण सुट्टी दिली. ‘पाच दिवसांत सगळा थकवा फिटत नाही,’ ते म्हणाले, ‘पण फिटायला लागला असेल तर सकाळची पल्स खाली यायला लागते. तेवढं बघू.’

ते पाच दिवस मी कसे काढले ते विचारू नका. रेस पाच आठवड्यांवर आणि मी आजीच्या खाटेशेजारी बसून मोजतेय, ६६, ६५, ६७, ६६, ६६. जैसे थे! सहाव्या दिवशी पळाले. १५९.

आता इथे आमच्या आजीची एन्ट्री. वॉकर घेऊन ती घरात हळूहळू फिरायला लागली होती आणि फिरत फिरत स्वयंपाकघरात आली. मी कट्ट्याला टेकून मोबाइल बघत उभी. हात तांदळाच्या डब्यात. ‘काय गं बाई, दिसभर तांदूळ काय खाती? महिना झाला बघतीय मी. पोटात जंत झाल्याती का काय तुझ्या?’ मी चपापले. खरंच की! लहानपणी कधी न खाल्लेले कच्चे तांदूळ मी रोज मूठभर तरी खात होते, आणि ते खाण्याचं मला काही वाटतही नव्हतं. कुरुमकुरुम छान लागतात, एवढंच.

त्याच संध्याकाळी सरांचा मेल आला. मला वाटतं, तो लिहायला त्यांना माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला असेल. ‘हे विचारायला मला संकोच वाटतो आणि म्हणूनच पहिल्या दिवशी विचारलं नाही. ती माझी चूक. गेल्या दोन-तीन महिन्यांत तुझी पाळी नेहमीसारखी आहे का? आणि जेवणाव्यतिरिक्त काही विचित्र खावंसं वाटतं का, बर्फ, माती, खडू असलं काही?’

वेल. मेलमध्ये शूजचं वय लिहिणाऱ्या मुलीने हेच लिहिलं नव्हतं. पाळी दिवाळीपासून सात-आठ दिवस चालत होती. एरवीच्या चार दिवसांऐवजी. रात्री उठून पॅड बदलावं लागत होतं. आणि दोन पाळ्यांमधलं अंतर कमी झाल्याने त्याच तीन आठवड्यांत ती दोनदा येऊन गेली होती. एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी. मला हे माहीत नव्हतं असं नाही, मला त्याचा पळण्याशी संबंध आहे हे सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर सुचलं असतं तरी मी सरांना लिहिलं असतं का? प्रामाणिकपणे... नसतं. पुरुष कोचला ‘सर, माझी पाळी’ असा मेल पाठवायचा? आपण ऑफिसात काळ्या पिशवीतून पॅड नेणाऱ्या बायका आहोत.

‘पाळी आणि तांदूळ’ एवढेच दोन शब्द लिहून मी उत्तर पाठवलं. त्यांचा फोनच आला. सोमवारी साताऱ्याला जाऊन रक्त तपास, म्हणाले. आणि नुसतं हिमोग्लोबिन नाही, फेरिटिनही सांग. शिवाय थायरॉइड, कारण थायरॉइड जास्त काम करायला लागली तरी पल्स अशीच चढते, अगदी झोपेतसुद्धा.

डॉक्टरबाईंनी ईसीजी काढला, तो ठीक होता. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन १०.२. बायकांमध्ये बाराच्या खाली गेलं की अॅनिमिया म्हणतात. ऑगस्टमध्ये ऑफिसच्या हेल्थ चेकअपला माझं १२.४ होतं आणि मी त्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ बघून तो ड्रॉवरमध्ये टाकला होता. फेरिटिन ६. पंधराच्या खाली असलं की साठा संपला असं समजायचं.

हा साठा काय प्रकार असतो ते त्यांनी छान समजावलं. शरीर लोह साठवून ठेवतं, बँकेतल्या एफडीसारखं. रोजचा खर्च वाढला की आधी एफडी मोडते आणि तोपर्यंत हिमोग्लोबिन झकास दिसतं. म्हणून ऑगस्टमध्ये माझं १२.४ होतं, पण एफडी बहुधा तेव्हाच रिकामी होत आलेली. ती संपल्यावर आलेल्या दोन मोठ्या पाळ्यांनी थेट चालू खात्यातून पैसे काढले. पल्स चढली ती तेव्हा.

आणि पल्स का चढते, याचं उत्तर मला रोज पहाटे रस्त्यावर दिसत होतंच. कारखान्याला रोज ठरावीक टन ऊस लागतो. ट्रॉल्या भरून गेल्या तर अमुक इतक्या खेपा. त्याच ट्रॉल्या पाऊण भरून पाठवल्या तर खेपा वाढवाव्याच लागणार. सातच्या पेसने पळायला पायांना लागणारा ऑक्सिजन तेवढाच, तो वाहणारं हिमोग्लोबिन मात्र घटलेलं. मग हृदय खेपा वाढवतं. माझं हिमोग्लोबिन जवळजवळ अठरा टक्क्यांनी कमी झालं होतं आणि पल्स वाढली ती दहाएक टक्क्यांनीच, कारण थोडी भरपाई स्नायू करतात. ते रक्तातून नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन ओढून घेतात. पण ओढून ओढून किती ओढणार? बेचाळीस किलोमीटर?

मी डॉक्टरांना एक शहाणा प्रश्न विचारला, इंटरनेटवर वाचून. रनर्सचं हिमोग्लोबिन तसंही कमी दिसतं ना? त्या हसल्या. हो, म्हणाल्या, नियमित पळणाऱ्यांच्या रक्तात पाण्याचा भाग वाढतो आणि आकडा पातळ होतो. पण त्यात एका ठोक्याला जास्त रक्त फिरतं, म्हणून पल्स खाली जाते, वर नाही. आणि फेरिटिनही असं तळाला लागत नाही. तुमच्या तांबड्या पेशी आकारानेही लहान झाल्यात, हे पाण्याने होत नाही. संपला वाद.

आजीच्या जंतांचं काय? डॉक्टरांनी ते अजिबात हसण्यावारी नेलं नाही. हुकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितात आणि गावाकडे अनवाणी चालणाऱ्यांत लोह कमी होण्याचं ते जुनं कारण आहे. माझी तपासणी झाली, जंत नव्हते. सोनोग्राफीत मात्र गर्भाशयात एक छोटी गाठ निघाली, फायब्रॉइड. घाबरण्यासारखी नाही, पण जादा रक्तस्राव तिच्यामुळे. हे शोधणं गरजेचं होतं, नाहीतर मी गोळ्यांनी बादली भरत राहिले असते आणि खालचं भोक तसंच. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या वेगळ्या मिळाल्या.

लोहाची गोळी दिली ती एक दिवसाआड. मला वाटलं चुकून लिहिलं असेल. घाईत होते, रोज दोन घ्यायची तयारी होती माझी! पण गोळी पोटात गेली की शरीर पुढचा दिवसभर लोह आत घ्यायला हात आखडतं, त्यामुळे दिवसाआड घेतलेल्या गोळीचा जास्त हिस्सा अंगी लागतो. पोटही कमी बिघडतं. सोबत लिंबूपाणी. आणि चहा गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी बंद, जेवणाबरोबरही बंद. चहातली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. दिवसाला पाच कप पिणारी मी, त्यातले दोन तर नाश्ता आणि जेवण यांना चिकटलेले. हा नियम ऐकून सगळ्यात जास्त धक्का आजीला बसला.

आणि मुंबई?

तोवर वीस डिसेंबर उलटून गेलं होतं. मी सरांना फोनवर बरंच पटवायचा प्रयत्न केला. हळू पळेन. हाफपर्यंत जाऊन बघेन. ‘हिमोग्लोबिन तीन आठवड्यांत साधारण एक ग्रॅमने वाढतं,’ ते म्हणाले, ‘तेही सगळं सुरळीत झालं तर. म्हणजे तू अकराच्या आसपास स्टार्ट लाइनला उभी राहणार. आत्ताच्या अंगाने सातच्या पेसला १६० आहे, तेही आठ किलोमीटरला. पस्तिसाव्या किलोमीटरला पेडर रोडचा चढ येईल तेव्हा तू कुठल्या आकड्यावर असशील, ते तूच सांग.’ मी काही बोलले नाही. ते पुढे म्हणाले, ‘मी तुला नाव काढ म्हणतोय ते कोच म्हणून. पण तसा मी नसतो म्हणालो तरी डॉक्टर म्हणाल्याच असत्या.’ त्या म्हणाल्याच होत्या. मी ते सरांना सांगितलं नव्हतं.

रात्री थोडी रडले. चार महिने पहाटे उठले होते आणि एका गाठीसाठी सगळं पाण्यात. आजीने कारण विचारलं तर ‘रेस कॅन्सल’ एवढंच सांगितलं. ‘पुढल्या साली न्हाई का भरवत?’ ती म्हणाली. भरवतात.

पळणं मात्र पूर्ण बंद नव्हतं. डॉक्टरांच्या परवानगीने सरांनी प्लॅनच उलटा केला. आत्तापर्यंत वेग ठरलेला असायचा आणि पल्स येईल ती. आता पल्स ठरलेली, १४५च्या वर जायचं नाही, आणि वेग येईल तो. सुरुवातीला तो वेग म्हणजे पाच मिनिटं पळ आणि दोन मिनिटं चाल, किलोमीटरला आठ-सव्वाआठ मिनिटं. उसाच्या ट्रॅक्टरवरचा एक पोरगा मला बघून रोज हात करायचा, त्याने एकदा ओरडून विचारलं, ‘ताई, पाय दुखतोय का?’

रेसच्या रविवारी मुंबईचे माझ्या ग्रुपमधले लोक पहाटे सीएसएमटीहून सुटले तेव्हा मी इकडे पाच किलोमीटर केले. त्यात चालणं धरून. मोबाइल घरीच ठेवला होता. फोटो बघायचे नव्हते.

फेब्रुवारीच्या मध्याला हिमोग्लोबिन ११.९ आलं. फेरिटिन अजून १४च होतं, म्हणून गोळ्या आणखी तीन महिने, कारण चालू खातं भरल्यावर एफडी भरायची असते आणि तिथेच बहुतेक जणी गोळ्या बंद करतात. त्याच आठवड्यात सरांनी मंगळवारचा जुना आठ किलोमीटर लावला, सातच्या पेसने. मी रात्रीपासून टेन्शनमध्ये.

घरी येऊन शूजसुद्धा न काढता मेल लिहिला. ‘सर, सरासरी १५०. सकाळची पल्स ५९. पाळी पाच दिवस, मागच्यापेक्षा कमी. तांदूळ बंद.’

शेवटचं अगदी खरं नव्हतं. तांदळाचा डबा आजीने फडताळात वरच्या फळीवर ठेवून दिला होता आणि शिडी बघायची म्हटलं की माझाच उत्साह जात होता.